खो गई की दे दी

आर्वीच्या शाळेत मी लागले तेव्हा नेमणुकीच्या कागदावर 'तात्पुरती' असा शब्द होता. तो निघायचा तर हिंदीची वरची परीक्षा पास व्हायला हवी होती. मराठीला शाळेत तिघं होते, हिंदीला एकच सर, आणि तेही चार-पाच वर्षांत निवृत्त होणार होते. आमच्या घरी, आंजीला, कुणाला या परीक्षेचं नाव नीट घेता येत नव्हतं. पण मी शनिवारी एसटीतून उतरले की आई पहिल्यांदा तेच विचारायची.

"झाली का तुही हिंदी?"

"नाई झाली अजून."

"होऊन जाऊ दे एकडाव. मंग पाहू पुढचं."

पुढचं म्हणजे लग्न. पहिल्या वेळी मी नापास झाले. निबंधात ठीक होते, व्याकरणात ठीक होते, भाषांतराने बुडवलं. हे ऐकून घरी सगळ्यांना नवल वाटलं. आपल्या भागात हिंदी काय कुणाला शिकवावी लागते? बाजारात हिंदी, एसटीत हिंदी, आमची मराठीच मुळात अर्धी हिंदीतून चालून आलेली. त्या अर्ध्या हिंदीनेच माझा घात केला होता, हे मला नंतर कळलं.

शाळेतले हिंदीचे सर संध्याकाळी परीक्षेचा वर्ग घेत. फुकट घेत, हे सांगायलाच हवं. धुतलेला पांढरा शर्ट, बाहीवर खडूची पूड लागू नये म्हणून दुमडलेल्या बाह्या, आणि अक्षर असं की फळा पुसायला जीव होत नसे. ते पुण्याकडचे. पंचवीस वर्षं आर्वीत काढूनही त्यांच्या तोंडात 'मले' आलं नव्हतं. नापास झाल्यावर मी पुन्हा त्यांच्या वर्गात बसले. सरावासाठी त्यांनी एक वाक्य घातलं: 'डाकिया आ गया, पर हमारी चिट्ठी नहीं लाया.'

मी लिहिलं, 'पोस्टमन येऊन गेला, पण आमचं पत्र नाही आणलं.'

सरांनी ते वर्गापुढे वाचलं.

"बाई, पोस्टमन आला की गेला?"

"आला सर."

"मग 'येऊन गेला' का लिहिलंत? तो आता कुठे आहे?"

सगळे हसले. आमच्याकडे बस स्टँडवर लागली की 'बस येऊन गेली' म्हणतात, आणि म्हणणारा पिशवी उचलून चढायला धावतो. पुण्याच्या माणसाला तीच बस सुटून गेलेली दिसते. हे मी सांगायला पाहिजे होतं.

"'आ गया' म्हणजे 'आला'," सर म्हणाले. "जाना, लेना, देना ही हिंदी क्रियापदाला चिकटलेली शेपटं आहेत. मराठी करताना कापून टाकायची."

मी सगळी शेपटं कापली. मग मराठीतून हिंदी करायची वेळ आली की कुठे कोणतं लावायचं ते कळेना. 'मी नवे कपडे शिवून घेतले' याचं मी 'मैंने नए कपड़े सी लिए' केलं. ते चूक आहे एवढं सरांनी लाल रेघ मारून सांगितलं. का चूक, ते विचारलं तर म्हणाले, "वाचन वाढवा."

माझी खोली जिनिंग कारखान्याच्या मागच्या रांगेत होती. शेजारच्या खोलीत कारखान्यातला फिटर आणि त्याची बायको राहायची, कानपूरकडची माणसं. तिला मी चाची म्हणायचे. तिला आर्वीत पंधरा वर्षं झाली होती आणि मराठी तिला भाजीपुरतीच येत होती. शिकली होती आठवीपर्यंत, पण हातात आलेला कागद वाचल्याशिवाय टाकायची नाही, वाण्याच्या पुडीचासुद्धा. मी ओट्यावर बसून वही पाहत होते, ती पलीकडे तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, मी दाखवलं. कपड्यांचं वाक्य वाचून ती हसली.

"तुम सिलाई जानती हो?"

"नाही."

"तो 'सी लिए' कैसे? दर्ज़ी ने सिए न? सिलवा लिए. 'सी लिए' तो वह बोले जिसने सुई पकड़ी."

एवढंच होतं. मराठीत 'शिवून घेतले' म्हटलं की शिवणारा दुसरा असतो, हिंदीत 'सी लिए' म्हटलं की शिवणारा तोच. घेणं आणि लेना एकच वाटतात, पण सुई कुणाच्या हातात आहे त्याने वाक्य बदलतं. सरांनी अशी पन्नास वाक्यं घातली असतील, पण सुई कुणाच्या हातात ते कधी विचारलं नव्हतं.

मग मी तिला पोस्टमन विचारला.

"'आया' और 'आ गया' में क्या फ़रक है, चाची?"

तिने सुपातला खडा काढून बाजूला ठेवला. "डाकिया आया, यह ख़बर है. डाकिया आ गया, मतलब हम बैठे थे उसकी राह देखते."

त्या दिवसापासून मी रोज शाळा सुटली की तिच्या ओट्यावर बसायला लागले. तिच्या नवऱ्याने कारखान्यातून एक जुनं हजेरीचं रजिस्टर आणलं होतं, त्याची मागची निम्मी पानं कोरी होती. त्यात ती दुपारी स्वयंपाक आवरता आवरता दोन-तीन वाक्यं लिहून ठेवायची आणि मी संध्याकाळी त्यांची मराठी करायची. तिची वाक्यं पुस्तकातली नव्हती. 'दाल जल गई.' 'मैंने दाल जला दी.' पहिल्यात डाळच करपली, कुणाचं नाव नाही. दुसऱ्यात माझ्या हातून. ती म्हणायची, माझा नवरा रोज पहिलंच बोलतो, पाना हरवला की 'खो गया', कप फुटला की 'टूट गया'. 'तोड़ दिया' असं त्याच्या तोंडून लग्नापासून एकदा ऐकलं नाही. आम्ही दोघी हसलो.

एक दिवस तिने चिठ्ठीची तीन वाक्यं लिहिली होती. 'चिट्ठी पढ़ लो.' 'चिट्ठी पढ़ दो.' 'वह चिट्ठी पढ़ गया.' पहिल्यात वाचणाऱ्याने आपल्यासाठी वाचायची. दुसरं वाक्य तिच्या सासूचं, तिला अक्षर येत नव्हतं म्हणून ती कुणालातरी मला वाचून दाखव म्हणायची. तिसऱ्यात माणूस एका दमात सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून गेला. तिने आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला कोणत्याच पुस्तकात मिळाली नव्हती. 'उसने रोटियाँ खा लीं', इथे 'ने' लागला. 'वह सारी रोटियाँ खा गया', इथे नाही लागला, आणि शिवाय पोळ्या फस्त झाल्याचा जरा रागही आला. मी विचारलं, का? ती म्हणाली, "का-वा मुझे नहीं मालूम. कान में खटकता है." मग मी तिची वाक्यं गोळा करून नियम बसवत गेले. तिचा कान आणि माझं व्याकरण. नकार आला की जोडी सुटते, हे असंच सापडलं. 'मैंने खाना खा लिया', पण 'मैंने खाना नहीं खाया'. 'नहीं खा लिया' असं मी म्हटलं की ती कानावर हात ठेवायची.

सगळंच नियमात बसत नव्हतं. लेना म्हणजे आपल्यासाठी, देना म्हणजे दुसऱ्यासाठी, असं मी एकदा मोठ्या तोऱ्यात लिहून तिला दाखवलं. तिने लगेच वाक्य टाकलं. 'इन्होंने रेडियो बेच दिया, मुझसे पूछा भी नहीं.'

"पैसे किसको मिले? इन्हीं को न? फिर भी 'बेच दिया'. चीज़ हाथ से निकल गई तो 'दिया'. और मैं जो रो दी उस दिन, वह किसके लिए?"

रडण्याबद्दल तिने मग आणखी सांगितलं. 'रो लेना' एकटीने, मन हलकं होईपर्यंत. 'रो देना' समोर कुणी असताना, आवरलं नाही म्हणून. मराठीत मी दोन्हींना 'रडले' लिहिलं होतं. त्या दिवशी 'रडून घेतलं' आणि 'रडूच फुटलं' असं केलं, तेव्हा ती म्हणाली, हां, अब दो औरतें दिखीं.

तिच्या मुलीला शिकायला तिने कानपूरकडे, आपल्या सासरच्या घरी ठेवलं होतं. ती मोठी. एक मुलगा झाला होता, तो आर्वीतच दोन वर्षांचा होऊन तापात गेला. हे मला तिने बोलून सांगितलं नाही, नळावरच्या बायकांकडून कळलं होतं. रजिस्टरात एका संध्याकाळी वाक्य होतं: 'छोटा चला गया. हम रह गए.'

मी मराठी केली, 'धाकटा गेला. आम्ही राह्यलो.' तिला मराठी वाचता येत असे, देवनागरीच ती. तिने बोट ठेवून विचारलं, "इसमें 'गए' कहाँ है?"

मी पुष्कळ वेळ विचार केला. राहिलो म्हणजे मुक्कामाला राहिलो, असंही होतं. शेवटी लिहिलं, 'आम्ही मागे उरलो.'

"उरलो," ती म्हणाली. तिने तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवून पाहिला. "यह अच्छा शब्द है तुम्हारा."

रजिस्टर भरत आलं तेव्हा ती म्हणाली, परीक्षा झाली की हे मी बिटियासाठी ठेवणार. माँ दिनभर तिकडे काय करत होती, ते पढ़ लेगी.

दुसऱ्या वेळी मी पास झाले. भाषांतरात केंद्रात सगळ्यांत जास्त गुण माझे होते. चाचीने शिरा केला. सरांनी मला शिक्षक-खोलीत बोलावून खुर्ची दिली, ही पहिलीच वेळ.

"कुणाकडे अभ्यास केलात?"

मी रजिस्टर दाखवलं. मला अभिमान होता. दाखवलं याचा दोष मी आजही माझ्या भोळेपणाला देत नाही, कारण पुढचं सगळं मी डोळे उघडे ठेवून केलं. सरांनी पानं उलटली. एका पानावर थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पंचवीस वर्षं जे ते शिकवत होते ते एका फिटरच्या बायकोने डाळ-रेडिओत लिहून ठेवलं होतं, हे त्यांना माझ्याइतकंच स्वच्छ दिसलं असणार.

"हे माझ्याकडे राहू द्या थोडे दिवस."

मी दिलं.

थोडे दिवस म्हणजे दोन महिने झाले. चाची विचारायची, मी म्हणायचे सर वाचून राह्यले. मग एक दिवस सरांनीच सांगितलं की ते परीक्षार्थींसाठी भाषांतराची मार्गदर्शिका काढतायत, वर्ध्याचा एक छापखाना तयार आहे, आणि मुद्रितं तपासायला त्यांना माझी मदत हवी. त्याच बोलण्यात, आवाज न बदलता, म्हणाले, "तुमच्या कायम नेमणुकीचं पत्र मी संस्थेकडे पाठवतोय. शिफारस माझीच लागते."

या दोन वाक्यांमध्ये 'म्हणून' नव्हतं. त्याची गरज नव्हती.

मी एवढंच म्हटलं, "सर, ती वाक्यं त्यांची आहेत. त्यांचं नाव प्रस्तावनेत..."

"कुणाचं? बाई, वाक्यं भाषेची असतात. आणि कुणी आठवी शिकलेल्या बाईच्या नावावर परीक्षेचं पुस्तक घेईल का?"

ओल्या शाईचे कागद मी घरी आणून तपासू लागले, तेही दाराला कडी लावून, कारण पलीकडे चाचीचा ओटा होता. सगळं होतं त्यात. डाळ, चिठ्ठी, पोळ्या, रेडिओ. सरांनी 'इन्होंने' काढून 'पिताजी ने' केलं होतं. माझे नियमही होते, माझ्याच शब्दांत. फक्त एक नियम त्यांनी आपल्या मनाने सरळ करून टाकला होता: स्वतःसाठी लेना, दुसऱ्यासाठी देना, अपवाद नाही. मुलांना पाठ करायला सोपं. त्या नियमाखालीच रेडिओचं वाक्य होतं. पिताजींनी तो दुसऱ्याला विकला म्हणून 'दिया', असं कंसात लिहिलं होतं.

'जाना'च्या पानावर तिसरं उदाहरण होतं: 'छोटा चला गया. हम रह गए.' आणि खाली सरांची मराठी: 'लहान मुलगा निघून गेला. आम्ही तेथेच राहिलो.'

त्यांना कळलंच नव्हतं. मूल मेलंय हे त्या वाक्यात सांगितलेलं नाही, ते फक्त ज्याला माहीत त्याला दिसतं. मी पेन्सिल उचलली. 'मागे उरलो' असं लिहायला मला दोन क्षण लागले असते. पण मग सर विचारणार, का, आणि मी सांगणार काय? आणि सांगितलं तर ते वाक्य तरी त्या पानावर कसं राहू द्यायचं? ते काढा म्हटलं तर बाकीची का ठेवायची? मी 'तेथेच'मधली मात्रा नीट केली आणि पान उलटलं.

चाचीने त्याच आठवड्यात पुन्हा विचारलं. तिची मुलगी उन्हाळ्यात येणार होती.

"बिटिया, मेरी कॉपी?" रजिस्टराला ती कॉपी, म्हणजे वही, म्हणायची.

आणि मी, जिने भाषांतरात केंद्रात सगळ्यांत जास्त गुण मिळवले होते, म्हणाले, "चाची, वह खो गई."

ती म्हणाली, "खो गई? अच्छा. क्या कर सकते हैं." उलट तिनेच माझं समाधान केलं. मी पुन्हा लिहून काढीन म्हणाली, आठवतील तेवढी. मी तिच्या ओट्यावर बसून तिचा चहा प्याले.

माझी कायम नेमणूक मार्चमध्ये झाली. आईने आंजीला घरोघरी पेढे पाठवले. पुस्तक जूनमध्ये आलं. पिवळं पातळ कव्हर, वर सरांचं नाव, आत प्रस्तावनेत 'पंचवीस वर्षांच्या अध्यापनाचे सार'. आर्वीत, पुलगावात, वर्ध्यात सगळ्या परीक्षार्थींच्या हातात ते दिसू लागलं. ते कारखान्याच्या रांगेत पोचणार नाही असं मला का वाटलं होतं, देव जाणे. रांगेतलीच एक मुलगी परीक्षेला बसली होती. एका शब्दावर अडली आणि सरळ चाचीकडे गेली, कारण हिंदी विचारायची तर चाचीलाच विचारायची, हे सगळ्या रांगेला माहीत होतं.

रविवारची सकाळ होती. मी बाहेर धुणं वाळत घालत होते. चाची आली, हातात ते पिवळं पुस्तक, 'जाना'च्या पानावर बोट खुपसलेलं. तिने ते माझ्यापुढे धरलं.

"यह पढ़ो."

मी पाहिलं नाही. पान मला पाठ होतं.

"तुमने कहा था, खो गई."

"चाची, सर ने ले ली," मी म्हणाले. हे एका परीने खरं होतं. "मैं क्या करती? उन्होंने..."

"ले ली?" तिचा आवाज चढला नाही. रोज वही तपासताना असायचा तसाच होता. "वे मेरे घर आए थे? मेरी अलमारी से उठा ली?"

मी हातातलं धुणं परत बादलीत टाकलं.

"खो गई तो किसी का हाथ नहीं. ले ली तो उनका हाथ. ठीक बोलो, बिटिया. इतना तो सिखाया है मैंने."

धुण्याचं पाणी माझ्या कोपरांवरून ओघळत होतं. शेजारच्या बायका नळावर थांबून पाहत होत्या. मला ते दोन शब्द उच्चारता येईनात. तिने वाट पाहिली, खरंच वाट पाहिली, जशी ती माझ्या अडलेल्या वाक्यापाशी थांबायची.

"दे दी," मी शेवटी म्हणाले.

"किसने?"

"मैंने दे दी."

तिने मान हलवली, उत्तर बरोबर आल्यासारखी. मग पुस्तकातल्या त्या ओळीवर नख ओढलं. "और यह? 'निघून गेला'? दो साल का बच्चा कहाँ निकलकर जाएगा? तुमने देखा था यह?"

"देखा था."

"छपने से पहले?"

"हाँ."

मला वाटलं आता ती रडेल. ती रडली नाही. पुस्तक तिने त्या मुलीला परत नेऊन दिलं, कारण ते मुलीचं होतं, आणि आपल्या खोलीत गेली. त्यानंतर साडेतीन वर्षं आम्ही एका भिंतीआड राहिलो. नळावर समोरासमोर आलो की ती माझी बादली आधी लागू द्यायची, पण बोलायची नाही. मुलीचं येणं लांबलं होतं; ती पुढच्या उन्हाळ्यात आली, उंच, दोन वेण्यांची. ती मला 'दीदी' म्हणून हाक मारू लागली तेव्हा चाचीने तिला आत बोलावलं.

मी खोली बदलू शकत होते. बदलली नाही. ते प्रायश्चित्त होतं असं मी तेव्हा स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे खोली शाळेला जवळ होती.

पुढे कारखाना बंद पडत आला आणि तिच्या नवऱ्याला कानपूरकडे काम मिळालं. सामान हातगाडीवर चढवलं तेव्हा मी शाळेत होते. त्या दिवशी मला सुटी मागता आली असती. घरी आले तर ओटा शेणाने सारवून ठेवलेला होता, जाणारं माणूस ठेवतं तसा. रांगेतल्या प्रत्येक घरी ती काही ना काही देऊन गेली होती, कुणाला पाट, कुणाला लोणच्याची बरणी. माझ्या दाराशी काही नव्हतं.

पत्ता मी तिच्या नवऱ्याच्या जुन्या साथीदाराकडून मिळवला आणि एक पत्र लिहिलं, हिंदीत. क्षमेचं पत्र. लिहिताना मला दिसत होतं की मी प्रत्येक ठिकाणी 'हो गया' लिहितेय. गलती हो गई, देर हो गई, बात बिगड़ गई. खोडून पुन्हा लिहिलं. जी प्रत टाकली तिच्यात कर्ता होता, प्रत्येक वाक्यात. तिचं उत्तर आलं नाही. पोचलं की नाही, तेही कळलं नाही.

सर निवृत्त झाले त्या समारंभात मी भाषण केलं. पुस्तकाबद्दल बोलायला मलाच सांगण्यात आलं, आणि मी बोलले. टाळ्या पडल्या. सरांनी जाताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुम्ही नसतात तर हे पुस्तक झालं नसतं." ते मनापासून बोलत होते. मला वाटतं, तोपर्यंत त्यांना ती वाक्यं स्वतःचीच वाटू लागली होती. मी मात्र वर्गात ती दरवर्षी शिकवत होते, आणि दरवर्षी 'जाना'च्या पानावरचं तिसरं उदाहरण गाळून चौथ्यावर जात होते. एखादा मुलगा विचारायचा, "बाई, हे राह्यलं ना," आणि मी म्हणायचे, ते परीक्षेत येत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मला त्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायला वर्ध्याला बोलावू लागले. एका हॉलमध्ये लांब टेबलं, दोन्ही बाजूंना आम्ही शिक्षक, मधोमध मुख्य परीक्षक. आदर्श उत्तरांचा कागद प्रत्येकापुढे असायचा. त्या वर्षी मराठीतून हिंदीचं एक वाक्य होतं: 'त्याने पैशासाठी आपले शेत विकले.' कागदावर उत्तर होतं, 'उसने पैसे के लिए अपना खेत बेच लिया.' शेजारी कंसात, 'स्वतःसाठी, म्हणून लेना'. कुठल्या पुस्तकातून आलं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

माझ्या गठ्ठ्यात केळझर केंद्रावरची एक उत्तरपत्रिका होती. अक्षर बाळबोध, रेघेवर दाबून लिहिलेलं. तिच्यात लिहिलं होतं, 'उसने पैसे के लिए अपना खेत बेच दिया.' मी पूर्ण गुण दिले. मुख्य परीक्षकांनी नमुना तपासणीत ती नेमकी उचलली.

"बाई, इथे 'दिया' आहे."

"सर, 'बेच दिया'च बरोबर आहे. विकलं की वस्तू हातातून जाते, फायदा कुणाचाही असो. हिंदी माणूस शेताला 'बेच लिया' म्हणणार नाही."

"आधार काय?"

मी तोंड उघडलं. आधार होता. ती बाई होती, तिचा रेडिओ होता, हजेरीच्या रजिस्टरातलं एक पान होतं. हॉलमध्ये दहा-बारा माणसं बसली होती, बहुतेकांच्या पिशवीत ते पिवळं पुस्तक होतं. मी एक वाक्य बोलले असते तर दुसरं बोलावं लागलं असतं.

"ऐकलंय," मी म्हणाले.

"ऐकलेल्यावर गुण देता येत नाहीत. मार्गदर्शिका बघा, तुमच्याच सरांची आहे."

त्यांनी लाल पेन माझ्याकडे सरकवला. मी दोन गुण खोडले, शून्य लिहिलं आणि बाजूला सही केली, नियमाप्रमाणे पूर्ण. मग बेरीज नव्याने केली आणि पुढची उत्तरपत्रिका घेतली. त्या गठ्ठ्यात 'बेच दिया' आणखी चौघांनी लिहिलं होतं. आमच्या भागातली मुलं, हिंदी कानाने शिकलेली. त्या चौघांचेही मी कापले. त्या चौघांच्या वेळी कुणी तपासायला आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी बोलावणं आलं तेव्हा तब्येत बरी नाही असं कळवलं. त्यानंतर त्यांनी बोलावलं नाही.